बाड क्रमांक ११७: एकाच पत्रावरचे तीन शक

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी शंभर वर्षांहून जुने सार्वजनिक वाचनालय आहे. गावातल्या वाड्यांमधून वेळोवेळी देणगी म्हणून आलेली हस्तलिखिते तेथे लाकडी कपाटांत, रुमालात बांधून ठेवलेली होती. हस्तलिखितांच्या दाखल वहीत ४१२ क्रमांक होते. त्यांत सुट्या पत्रांच्या, म्हणजे पानांच्या, पोथ्या अधिक होत्या आणि शिवलेली बाडे थोडी. संस्थेने निधी मिळवून या सर्वांच्या प्रतिमा तयार करून घेतल्या आणि त्या डीस्पेस या डिजिटल संग्रहांच्या प्रणालीवर ठेवण्याचे ठरवले. प्रतिमांचे काम कंत्राटदाराने वेळेत केले. प्रत्येक हस्तलिखिताची नोंद भरण्याचे काम मात्र दोन निवृत्त शिक्षक आणि तीन महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्याकडे आले. त्यांना एक्सेलचा एक तक्ता दिला होता आणि त्यात मुख्यतः तीनच रकाने सक्तीचे होते: शीर्षक, विषय आणि वर्णन. त्याखेरीज लेखक आणि वर्ष असे दोन रकाने होते, ते ‘माहीत असल्यास’ भरायचे होते.

या मंडळींनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व ४१२ नोंदी पूर्ण केल्या. त्यांची मेहनत खरी होती, हे मी आधीच सांगून ठेवतो. ज्या चुका पुढे दिसणार आहेत त्यांतील बहुतेक चुका रकाने आखणाऱ्यांनी पदरात टाकलेल्या होत्या, भरणाऱ्यांच्या नव्हत्या. मी या कामात नंतर आलो. संग्रह खुला झाल्यावर चार महिन्यांनी संस्थेने मला नोंदी तपासण्यासाठी बोलावले, आणि त्याला कारण झाले ते एकच पत्र.

अडचण

ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींवर काम करणाऱ्या एका अभ्यासक बाईंनी संस्थेला लिहिले होते की, आपल्या संग्रहात क्रमांक ११७ ची नोंद १२९० सालची दिसते. ज्ञानेश्वरांच्या काळातली प्रत आज कोठेही उपलब्ध नाही, तेव्हा ही नोंद कशावरून केली ते कृपया कळवावे. पत्र अतिशय सौजन्याने लिहिलेले होते. संस्थेतील ग्रंथपालांना त्या रात्री झोप लागली नाही, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

नोंद अशी होती. शीर्षक: ज्ञानदेवी. लेखक: सच्चिदानंदबाबा. वर्ष: १२९०. विषय: संतसाहित्य, धार्मिक, पोथी, ओवी, मराठी. वर्णन: जुने बाड. स्थिती बरी. अक्षर सुवाच्य.

मी बाड मागवून घेतले आणि शेवटापासून उघडले. हस्तलिखिताला मुखपृष्ठ नसते. ग्रंथाचे नाव, तो कोणी रचला, कोणी उतरवला, कोठे आणि कधी, हे जे काही सांगायचे ते शेवटी, पुष्पिकेत सांगितलेले असते. येथे ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय संपताना नेहमीची ओवी होती:

‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’

नोंद भरणाऱ्या विद्यार्थिनीने ही ओवी नीट वाचली होती. शके १२१२ मध्ये ७८ मिळवून तिने १२९० काढले. ‘लेखकु जाहला’ असे पानावर स्पष्ट लिहिले असल्याने लेखकाच्या रकान्यात तिने सच्चिदानंदबाबांचे नाव घातले. तिची चूक कोठे झाली हे तिला दाखवून देताना मला जाणवले की, रकान्याच्या नावानेच तिला फसवले होते. आज आपण लेखक म्हणतो तो रचना करणारा. जुन्या मराठीत लेखक म्हणजे लिहून घेणारा, उतरवणारा. ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, एवढाच त्या ओवीचा अर्थ आहे. शिवाय ती ओवी ग्रंथाचा भाग आहे. पुढच्या काळात उतरवलेल्या प्रतींतही ती असते, मग प्रत १७०० ची असो की १८५० ची. ग्रंथ कधी रचला गेला हे ती सांगते, समोरचे बाड कधी लिहिले गेले याविषयी तिच्यात काहीच नाही.

त्याच पत्रावर पुढे आणखी काही ओव्या होत्या आणि त्यांत दुसरा शक होता: ‘शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं’. ही एकनाथांची भर आहे. पाठांत शिरलेल्या अशुद्धी काढून त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तो हा शके १५०६, म्हणजे १५८४. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, हा एकनाथांचा सुप्रसिद्ध इशाराही तेथेच होता. या ओव्यांमुळे एक मोलाची गोष्ट कळते: हे बाड एकनाथांनी शुद्ध केलेल्या पाठाच्या परंपरेतले आहे. अभ्यासक बाईंना नेमकी हीच माहिती हवी होती आणि आमच्या नोंदीत तिचा मागमूस नव्हता.

त्यानंतर लाल शाईने दोन दंड, ‘छ’, पुन्हा दोन दंड, आणि मग खरी पुष्पिका होती. प्रथम तो सर्वपरिचित संस्कृत श्लोक, ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’, म्हणजे समोर जसे दिसले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. त्याखाली मिती: शके १६, मग कसरीने खाल्लेले छिद्र, मग ७, ‘मन्मथनाम संवत्सरे माघ वद्य ५ ते दिवशी समाप्त’. त्यापुढे लेखनिकाचे नाव आणि ‘लेखकपाठकयोः शुभं भवतु’. लेखनिकाचे घराणे आजही गावात असल्याने नाव येथे देत नाही.

एकाच पत्रावर असे तीन शक होते. पहिला रचनेचा, दुसरा पाठशुद्धीचा आणि तिसरा या प्रतीचा. नोंदीतल्या ‘वर्ष’ या एकाच रकान्यात त्यांतला सर्वांत आधी दिसलेला शक गेला होता.

यानंतर मी पहिल्या पत्राकडे गेलो, आणि अडचण याहून मोठी असल्याचे लक्षात आले. बाड ज्ञानेश्वरीने सुरू होतच नव्हते. सुरुवातीला दुसरीच रचना होती, तिची पहिली काही पत्रे गहाळ होती. मग आर्यावृत्तातले एक आख्यान होते, मग ज्ञानेश्वरीचा केवळ अठरावा अध्याय, आणि शेवटी वेगळ्या हाताने लिहिलेली काही पदे आणि आरत्या. चार निरनिराळ्या गोष्टी एका शिवणीत होत्या आणि नोंदीत त्यांपैकी एकच, तीही संपूर्ण ग्रंथ असल्यासारखी लिहिलेली होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रश्न एक नोंद कशाची करावी हा होता. ग्रंथपालांचे मत होते की दाखल वहीत एक क्रमांक आहे, कपाटात एक वस्तू आहे, तेव्हा नोंदही एकच राहावी आणि आतल्या रचनांची नावे वर्णनात लिहावीत. या मताला बळ होते. क्रमांक, रुमाल आणि प्रतिमांचा संच यांचा मेळ त्यामुळे कायम राहतो आणि कामही थोडक्यात होते. परंतु वर्णनात लिहिलेल्या रचनेला स्वतःचे शीर्षक, रचनाकार आणि विषय मिळत नाहीत. आर्या शोधणाऱ्याला शीर्षकांच्या यादीत ती कधीच दिसणार नाही.

दुसरे टोक म्हणजे बाड मोडून चार स्वतंत्र नोंदी करणे आणि प्रतिमाही चार ठिकाणी वाटणे. शिक्षकांपैकी एकांना हे पसंत होते. माझा याला ठाम विरोध होता आणि त्याचे कारण पुढे मितीच्या प्रश्नातच दिसेल. कोणती रचना कोणत्या रचनेच्या मागे, कोणत्या पानाच्या पाठीवर सुरू होते, हा स्वतःच एक पुरावा असतो आणि प्रतिमा वाटून टाकल्या की तो नाहीसा होतो.

आम्ही मधला मार्ग घेतला. बाडाची एक मुख्य नोंद करून सर्व प्रतिमा तिच्याखालीच ठेवायच्या. प्रत्येक स्वतंत्र रचनेची एक उपनोंद करायची, तिच्यात प्रतिमा नसतील, पण पत्रांक कोठपासून कोठपर्यंत ते असेल आणि मुख्य नोंदीचा दुवा असेल. पदे आणि आरत्या यांना एकत्र मिळून एकच उपनोंद द्यायची. प्रत्येक पदाची वेगळी नोंद केली असती तर अधिक चांगले झाले असते, पण त्या हिशेबाने केवळ बाडांच्याच नोंदी हजाराच्या पुढे गेल्या असत्या आणि पोथ्या तशाच पडून राहिल्या असत्या.

शीर्षकावर सर्वांत अधिक वाद झाला. नियमच हवा होता, कारण आधीच्या तक्त्यात शीर्षके चार ठिकाणांहून आलेली होती. काही पुष्पिकेतून आली होती. काही समासातल्या खुणेतून आली होती, कारण प्रत्येक पत्राच्या कडेला ‘ज्ञा.’ किंवा ‘रु. स्व.’ असे लघुरूप आणि पत्रांक लिहिण्याची पद्धत असते. काही दाखल वहीतून घेतली होती. आणि अकरा नोंदींचे शीर्षक चक्क ‘श्रीगणेशाय नमः’ होते, कारण पहिल्या पत्रावर पहिल्या ओळीत तेच शब्द होते.

एक बाजू म्हणत होती की हस्तलिखित स्वतःला जे म्हणते तेच शीर्षक असावे. अठराव्या अध्यायाची समाप्ती ‘भावार्थदीपिकायां’ असे म्हणते, तर शीर्षक भावार्थदीपिका असले पाहिजे. दुसरी बाजू म्हणत होती की वाचक ज्ञानेश्वरी असे टाइप करतो, त्याला ज्ञानेश्वरी सापडली पाहिजे. मला दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या आणि सुदैवाने डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाणित रकान्यांच्या संचात दोघांना जागा आहे. मुख्य शीर्षकात रूढ नाव आणि जो भाग प्रत्यक्ष आहे त्याचा उल्लेख, आणि पर्यायी शीर्षकात पुष्पिकेतले आणि समासातले नाव, असे ठरले. हस्तलिखितात नाव नसेल आणि सूचिकाराने दिले असेल तर ते चौकटी कंसात लिहायचे. रूढ नाव एकाहून अधिक कवींच्या रचनांना असेल तर कवीचे नाव शीर्षकातच जोडायचे. ११७ मधली पहिली रचना याचेच उदाहरण होती. समासात ‘रु. स्व.’ एवढेच होते. रुक्मिणीस्वयंवर महानुभाव कवी नरेंद्रांचे आहे, एकनाथांचे आहे आणि इतरांचीही आहेत. पहिली पत्रे नसल्याने आरंभावरून काही कळत नव्हते, पण प्रसंगाच्या शेवटी ‘एकाजनार्दन’ ही नाममुद्रा होती आणि छापील प्रतीशी ओव्या ताडून पाहिल्यावर शंका उरली नाही. एकनाथांच्या या रचनेचे अठरा प्रसंग आहेत. बाडात त्यांतले सातव्यापर्यंतचेच होते, म्हणून शीर्षकात तेही लिहिले.

विषयाच्या रकान्याचे दुखणे निराळे होते. ४१२ नोंदींपैकी ३०० च्या वर नोंदींना ‘संतसाहित्य’ हा शब्द लावलेला होता. जो शब्द तीन-चतुर्थांश संग्रहाला लागतो त्याने शोधणाऱ्याची काहीच निवड होत नाही. शिवाय एकाच रकान्यात चार जातींचे शब्द मिसळले होते: रचना कशाविषयी आहे (वेदान्त), कोणत्या छंदात आहे (ओवी), वस्तू कोणती आहे (पोथी), भाषा कोणती आहे (मराठी). त्यात लेखनभेदाची भर होती. वेदांत आणि वेदान्त, तत्त्वज्ञान आणि तत्वज्ञान हे यंत्राच्या दृष्टीने वेगवेगळे विषय होते आणि त्यांच्या वेगवेगळ्या याद्या तयार झाल्या होत्या. आणखी एक गोष्ट केवळ विरामचिन्हाची होती. विद्यार्थ्यांनी शब्द स्वल्पविरामाने वेगळे केले होते. डीस्पेसच्या तक्त्यात एका रकान्यातली अनेक मूल्ये मूळ मांडणीनुसार दोन उभ्या रेघांनी वेगळी करावी लागतात. परिणामी ‘संतसाहित्य, धार्मिक, पोथी, ओवी, मराठी’ हा अख्खा मजकूर एकच विषय म्हणून नोंदला गेला होता. विषयांच्या यादीत असे लांबलचक, एकदाच आलेले विषय दिसू लागले की ही चूक झाली आहे असे निश्चित समजावे.

केलेली कृती

आधी मिती लावून घेतली, कारण पत्राला उत्तर द्यायचे होते. शके १६?७ आणि मन्मथ संवत्सर, एवढे हातात होते. महाराष्ट्रातील पंचांगांच्या पद्धतीने शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक असतो, प्रभव पहिला आणि क्षय साठावा. ही रीत आधी एकनाथांच्या ओवीवर करून पाहिली. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारण. ओवीत तारणच आहे. मग आमच्या मितीकडे वळलो. मन्मथ हा २९ वा. १६०७ पासून १६९७ पर्यंतच्या दहा शकांत बाकी २९ उरणारे दोनच निघतात: १६३७ आणि १६९७.

दोनांतून एक निवडायला संवत्सर उपयोगी पडत नाही, कारण दोहोंमध्ये नेमके साठ वर्षांचे अंतर आहे आणि चक्र पूर्ण होऊन तेच नाव परत येते. येथे बाडातली दुसरी रचना कामी आली. त्या आर्यांच्या शेवटी ‘मयूर’ ही नाममुद्रा होती आणि छापील संग्रहाशी ताडल्यावर त्या मोरोपंतांच्याच ठरल्या. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा. शके १६३७ च्या माघात, म्हणजे १७१६ मध्ये, त्यांच्या आर्या कोणी उतरवणे शक्य नाही.

पण एवढ्यावर निर्णय देणे घाईचे झाले असते. बाड पिढ्यान्पिढ्या वापरात असते. १७१६ साली लिहिलेल्या बाडात कोऱ्या राहिलेल्या पानांवर साठ-सत्तर वर्षांनी दुसऱ्याने आर्या लिहून ठेवल्या असत्या तरी आश्चर्य नव्हते. शेवटची पदे आणि आरत्या तशाच, नंतर भरलेल्या दिसत होत्या. म्हणून आम्ही आर्या जेथे संपतात ते पत्र पाहिले. आर्या पत्राच्या पुढच्या बाजूला अर्ध्यावर संपत होत्या, त्याच हाताने, त्याच शाईत, दोन ओळी सोडून थेट अठराव्या अध्यायाचा आरंभ होत होता आणि तो मजकूर पाठीवर सलग चालू राहिला होता. म्हणजे अध्याय आर्यांच्या नंतर लिहिला गेला आणि त्याच लेखनिकाने लिहिला. त्यामुळे शके १६३७ बाद झाला आणि १६९७ उरला. प्रतिमा चार ठिकाणी वाटल्या असत्या तर हे पान एका नोंदीत अर्धे आणि दुसऱ्या नोंदीत अर्धे असे गेले असते.

शेवटची पायरी इसवी सनाची. शकात सरसकट ७८ मिळवण्याची सवय सर्वांनाच असते आणि येथे त्याने १७७५ आले असते. पण इसवी सन पौषाच्या सुमारास बदलतो आणि शक चैत्रात. त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या मितीला ७९ मिळवावे लागतात. माघ वद्य पंचमी, शके १६९७ म्हणजे १७७६. ज्या मितीत महिना दिलेला नाही तेथे दोन्ही वर्षे लिहावीत, असा नियम त्या दिवशीच तक्त्याच्या शिरोभागी लिहून ठेवला.

मग रकाने पुन्हा आखले. ‘लेखक’ हे नाव काढून टाकले आणि त्याजागी ‘रचनाकार’ आणि ‘लेखनिक’ असे दोन रकाने केले. ‘वर्ष’ काढून ‘रचनाकाल’ आणि ‘प्रतीचा काल’ असे दोन केले. छंद आणि रचनाप्रकार विषयातून वेगळे काढले. विषयासाठी ३४ शब्दांची एक यादी केली आणि तिच्याबाहेरचा शब्द हवा असल्यास तो आधी यादीत घालून मगच वापरायचा, असे ठरले. अठराव्या अध्यायाची उपनोंद अखेर अशी झाली, त्यातला मुख्य भाग देतो:

```
dc.title[mr]              ज्ञानेश्वरी, अध्याय १८
dc.title.alternative[mr]  भावार्थदीपिका||ज्ञानदेवी
dc.subject[mr]            भगवद्गीता - टीका||वेदान्त
```

वर्णनाचा रकाना सर्वांत अधिक बदलला. ‘जुने बाड, स्थिती बरी’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. वर्णन ठरावीक क्रमाने लिहायचे असे आम्ही ठरवले. प्रथम वस्तू: कागद, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, पत्रांची संख्या, दर पृष्ठावरच्या ओळी, गहाळ पत्रांचे अंक. पत्र म्हणजे दोन पृष्ठे, हा भेद येथे कटाक्षाने पाळावा लागतो. आधीच्या नोंदींत प्रतिमांची संख्या हीच पत्रांची संख्या म्हणून लिहिली गेल्याने कित्येक पोथ्या दुप्पट जाड झाल्या होत्या. त्यानंतर आरंभीच्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी, जशा आहेत तशा, ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता. त्यानंतर पुष्पिका, पूर्ण. आणि सर्वांत शेवटी, ‘सूचिकाराचे मत’ या शब्दांनी सुरुवात करून, आमचा तर्क.

हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पानावर जे आहे आणि आम्हांला जे वाटते, यांच्यामध्ये एक दिसणारी रेघ असली पाहिजे. ११७ च्या वर्णनात पुष्पिका ‘शके १६[.]७’ अशीच उतरवली आहे आणि छिद्राचा उल्लेख आहे. १६९७ हा आकडा, संवत्सराचा हिशेब, मोरोपंतांच्या आर्या आणि त्यांची जागा हे सर्व मताच्या भागात, चार वाक्यांत आहे. उद्या कोणाला त्या आर्या मोरोपंतांच्या नाहीत असे दाखवता आले, तर त्याला आमचा तर्क कोठे मोडतो हे नोंदीतच सापडेल.

परिणाम

अभ्यासक बाईंना सविस्तर उत्तर गेले आणि त्यांनी पुढे बाड स्वतः येऊन पाहिले. १७७६ ची, एकनाथी पाठाची, मिती असलेली प्रत त्यांच्या कामाला उपयोगाची होती.

उरलेल्या नोंदींसाठी क्रम लावावा लागला. ४१२ पुन्हा करायला तेवढी माणसे नव्हती. ज्या नोंदींत १६०० च्या आधीचे वर्ष होते त्या आधी काढल्या. त्या २३ निघाल्या आणि त्यांपैकी २१ मध्ये रचनेचाच काल प्रतीचा म्हणून लिहिला गेला होता. ही छाननी तक्त्यावर पाच मिनिटांत होते आणि ज्या कोणत्या संग्रहात ‘वर्ष’ असा एकच रकाना आहे तेथे ती करून पाहावी असे मी आग्रहाने सांगतो. त्यानंतर ‘श्रीगणेशाय नमः’ शीर्षकाच्या अकरा नोंदी, मग सर्व बाडे, आणि मग पोथ्या, असे काम चालले. पूर्वी एक माणूस दिवसाला वीस नोंदी भरत असे. नव्या पद्धतीने चार किंवा पाच होतात. एका पावसाळ्यात १४० क्रमांक पुरे झाले. उरलेल्यांवर ‘प्राथमिक नोंद, तपासलेली नाही’ असा शेरा टाकला आहे. हा शेरा टाकायला कार्यकारिणी सुरुवातीला तयार नव्हती, पण चुकीचा सन छातीठोकपणे दाखवण्यापेक्षा तो बरा, हे अखेर सर्वांनी मान्य केले.

वेगळे काय करता आले असते

माझ्या हातून एक चूक झाली. नवी शीर्षके भरताना दाखल वहीतली जुनी नावे मी अनावश्यक समजून काढून टाकली. ‘आजोबांची गीता’, ‘मठातले लाल बाड’ अशा नावांचा सूचीत काय उपयोग, असे मला वाटले. काही आठवड्यांनी एका देणगीदार घराण्यातले गृहस्थ आपल्या पणजोबांचे बाड पाहायला आले. ते त्याला घरी ज्या नावाने ओळखत होते ते नाव आता संग्रहात कोठेच नव्हते. ग्रंथपालांना वही काढून क्रमांक शोधावा लागला. आता ती सर्व नावे पर्यायी शीर्षकांत परत घातली आहेत. ती आधीच ठेवायला हवी होती, आणि बदल करण्यापूर्वी जुन्या तक्त्याची प्रत वेगळी राखायला हवी होती. ती राखली नसल्याने सुमारे तीस नोंदींची जुनी नावे पुन्हा वहीतून उतरवावी लागली.

प्रतिमांच्या कंत्राटाकडेही आधी लक्ष द्यायला हवे होते. नीटनेटकेपणासाठी कंत्राटदाराने पत्रांच्या कडा कापून प्रतिमा दिल्या. समासातले लघुरूप आणि पत्रांक त्यातच गेले. करड्या छटेत प्रतिमा घेतल्यामुळे आणखी एक गोष्ट हरवली. लेखनिक चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून ते झाकत असे. हरताळ फासणे हा शब्दप्रयोग तेथूनच आला. रंग नसलेल्या प्रतिमेत हरताळाखालचे अक्षर आणि शुद्ध अक्षर सारखेच दिसते, आणि आरंभ-अंताच्या ओळी प्रतिमेवरून उतरवताना आम्ही दोन ठिकाणी खोडलेले शब्दही मजकुरात धरले. तेव्हापासून त्या ओळी मूळ पानावरूनच उतरवतो, आणि नव्या प्रतिमा घेताना कडेसह, रंगीत, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्याव्यात अशी अट कंत्राटात घातली आहे.

कामाचा क्रमही उलटा लावता आला असता. प्रत्येक हस्तलिखिताची फक्त शेवटची दोन पत्रे आधी वाचून पुष्पिका उतरवून घेतल्या असत्या, तर रकाने कोणते हवेत हे तक्ता आखण्यापूर्वीच कळले असते. ४१२ पुष्पिकांना पाच माणसांना दोन आठवडे पुरले असते. आता उरलेल्या पोथ्यांसाठी तेच करत आहोत. ज्या विद्यार्थिनीने ११७ ची पहिली नोंद केली होती, तिच्याकडेच हे काम दिले आहे. ११७ मधली शेवटची पदे आणि आरत्या यांची उपनोंद मात्र अजून ‘[पदे आणि आरत्या]’ अशा कंसातल्या शीर्षकाखालीच आहे. त्यांतल्या तीन पदांना नाममुद्रा नाही, छापील संग्रहांत ती सापडलेली नाहीत, आणि तूर्त त्यांच्या पहिल्या ओळी तेवढ्या वर्णनात उतरवून ठेवल्या आहेत.